हेड नोडची केस कुठे आहे? प्रोग्रामिंगच्या पेपरचं पुनर्मूल्यांकन मागणारा एक अर्ज

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयातलं आहे. विद्यार्थिनीच्या परवानगीने लिहितो आहे. तिचं नाव बदललंय आणि ओळख पटेल असे तपशील काढलेत. तिला इथे मीनल म्हणू. मी तिच्या बॅचचा टीचर गार्डियन होतो. हा विषय मी शिकवत नव्हतो आणि पेपर तपासण्यातही माझा हात नव्हता.

कॉलेज स्वायत्त आहे ही गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. पेपर काढणं, तपासणं, निकाल लावणं ही सगळी कामं कॉलेजातच होतात आणि विद्यापीठ फक्त पदवी देतं. साध्या संलग्न कॉलेजात उत्तरपत्रिका विद्यापीठाच्या केंद्रीय तपासणीला, म्हणजे कॅपमध्ये जातात, तिथे विभागप्रमुखांना कोणी विचारत नाही. अशा ठिकाणी विभागप्रमुखांना कितीही छान पत्र लिहिलं तरी ते फायलीत पडून राहतं, कारण अर्ज विद्यापीठाच्या पोर्टलवरूनच जावा लागतो. इथे मात्र आदर्श उत्तरपत्रिकेवर विभागप्रमुखांची सही होती. त्यामुळे पत्राला पत्ता योग्य होता.

विषय दुसऱ्या वर्षाचा, सी भाषेतून डेटा स्ट्रक्चर्स. पेपर ६० गुणांचा, पास होण्यासाठी २४. मीनलला २१ मिळाले, म्हणजे केटी. वर्गात प्रॅक्टिकलला इतरांचे प्रोग्रॅम चालवून देणारी ही मुलगी, त्यामुळे तिला स्वतःला धक्का बसलाच, पण लॅबमधल्या सरांनाही आश्चर्य वाटलं. अर्थात, लॅबमध्ये हुशार असणं हा गुण वाढवून मागण्याचा आधार होत नाही. हे तिला पहिल्याच भेटीत सांगितलं.

नेमकं काय खटकलं

निकालानंतर कॉलेजात उत्तरपत्रिका दाखवण्याचा दिवस असतो. त्या दिवशी तिने दोन प्रश्नांवर बोट ठेवलं.

पहिला प्रश्न २ (ब), आठ गुणांचा. एकेरी लिंक्ड लिस्टमधून दिलेली किंमत असलेला नोड काढून टाकणारं फंक्शन लिहा, किंमत सापडली नाही तर तसा संदेश दाखवा. तिचं उत्तर असं होतं:

```c
void delete_value(struct node **p, int x)
{
    while (*p != NULL) {
        if ((*p)->data == x) {
            struct node *t = *p;
            *p = t->next;
            free(t)
            return;
        }
        p = &(*p)->next;
    }
}
```

याला आठपैकी दोन गुण होते आणि समासात लाल शाईने लिहिलं होतं, "हेड नोडची केस कुठे आहे?"

वर्गात शिकवलेली पद्धत वेगळी होती. त्या पद्धतीत `prev` आणि `curr` असे दोन पॉइंटर घेतात. काढायचा नोड पहिलाच असेल तर `head` बदलायचा, नाहीतर `prev->next` बदलायचा, म्हणून तिथे एक वेगळं `if` लागतं. आदर्श उत्तरात त्या `if`ला तीन गुण होते. मीनलच्या कोडमध्ये ते `if` नाही, कारण त्याची गरजच नाही. तिचा `p` नोडकडे बोट दाखवत नाही. नोडचा पत्ता ज्या जागी ठेवलेला आहे, त्या जागेकडे तो बोट दाखवतो. सुरुवातीला ती जागा म्हणजे `head` हे व्हेरिएबल. एक पाऊल पुढे गेलं की ती जागा म्हणजे पहिल्या नोडचं `next`. दोन्ही ठिकाणी `*p = t->next` हे एकच विधान बरोबर काम करतं. लिस्ट १०, २०, ३० अशी असेल आणि १० काढायचा असेल, तर लूप सुरू होताच `*p` म्हणजे `head`. किंमत जुळते आणि `head`मध्ये २०च्या नोडचा पत्ता बसतो. म्हणजे हेड नोडची केस हाताळलेली आहे, फक्त ती डोळ्यांना वेगळी दिसत नाही. सी भाषेत मुरलेले लोक ही पद्धत सर्रास वापरतात.

दुसरा प्रश्न १ (क), तीन गुणांचा. आउटपुट लिहा आणि कारण द्या:

```c
int i = 5;
i = i++ + ++i;
printf("%d", i);
```

तिने लिहिलं होतं की आउटपुट सांगता येत नाही, कारण एकाच विधानात `i` एकापेक्षा जास्त वेळा बदलतो आहे आणि त्याचा क्रम भाषेने ठरवलेला नाही. गुण शून्य. आदर्श उत्तर होतं १३. आधी `++i` करून ६ घ्यायचे, ६ अधिक ६ बारा, ते `i`मध्ये ठेवायचे आणि मागाहून `i++` लावायचं. टर्बो सीच्या काळापासून आपल्याकडच्या परीक्षांमध्ये हा प्रश्न फिरतो आहे. डावीकडून उजवीकडे क्रम धरला तर ५ अधिक ७ बारा येतात. खरं उत्तर मीनलचंच. सीच्या मानकानुसार असं विधान म्हणजे अनिश्चित वर्तन, आणि तिथे कंपायलरने काहीही केलं तरी ते नियमभंग ठरत नाही.

उत्तरपत्रिका पाहताना तिने विषय शिकवणाऱ्या आणि पेपर तपासलेल्या सरांना तिथेच विचारलं. सर म्हणाले, "मी शिकवलेल्या पद्धतीने लिहिलं नाहीस ना? मग मी काय तपासणार?" या वाक्याने ती चिडली. माझ्या मते मात्र पुढच्या सगळ्या अर्जाला नेमकं याच वाक्याने बळ दिलं. कारण कोड चुकीचा आहे असं सर म्हणालेच नाहीत. त्यांनी फक्त पद्धत वेगळी आहे एवढंच सांगितलं, आणि प्रश्नात पद्धत ठरवून दिलेली नव्हती.

समोर असलेले पर्याय

नेहमीचा रस्ता म्हणजे परीक्षा विभागाचा पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म. मुदत निकालानंतर पाच कामाचे दिवस, फी भरायची आणि पावती घ्यायची. पण त्या फॉर्मवर विषयाचं नाव, बैठक क्रमांक आणि सही एवढंच असतं, कारण लिहायला जागाच नसते. उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे जाते आणि तिच्यासोबत तीच आदर्श उत्तरपत्रिका जाते. बेरीज चुकली असेल किंवा एखादं पान तपासायचं राहिलं असेल, तर हा रस्ता पुरतो. इथे तक्रारच आदर्श उत्तराबद्दल होती. दुसऱ्या परीक्षकानेही तीन गुणांचं ते `if` शोधलं असतं, त्याला ते दिसलं नसतं आणि पुन्हा दोनच गुण पडले असते.

दुसरा रस्ता विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा. यूजीसीच्या २०२३च्या विनियमांत अपारदर्शक किंवा अन्याय्य मूल्यमापन हे तक्रारीचं कारण म्हणून धरलेलं आहे, त्यामुळे दार बंद नव्हतं. पण समितीच्या निर्णयावर समाधान झालं नाही तर पुढे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जावं लागतं, आणि तिथे केवळ गुण पुन्हा तपासा असा अर्ज चालत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाचं उदाहरण दाखवावं लागतं. खालच्या पायरीवर काहीच लेखी मागितलेलं नसताना थेट वर जाण्यात अर्थ नव्हता.

मीनलच्या एका काकांनी माहिती अधिकार सुचवला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालानंतर परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका त्या कायद्याखाली मिळू शकते, हे खरं आहे. पण कॉलेज उत्तरपत्रिका दाखवत होतं आणि फी भरल्यावर छायाप्रतही देत होतं. मग अर्ज करून महिना घालवायचा कशाला? शिवाय पाहायला मिळणं वेगळं आणि पुन्हा तपासून मिळणं वेगळं. महाराष्ट्र राज्य मंडळाच्याच १९८४च्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं होतं की नियमांत तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही. म्हणून अर्ज कॉलेजच्या नियमावर उभा असायला हवा होता, न्यायाच्या सर्वसाधारण भावनेवर नव्हे.

शेवटी ठरलं असं. फॉर्म भरायचाच, म्हणजे मुदत हातची जाणार नाही. आणि त्यासोबत विभागप्रमुखांना स्वतंत्र पत्र द्यायचं, म्हणजे आक्षेपाचं कारण कुठेतरी कागदावर येईल. केटीच्या परीक्षेचा फॉर्मही तिला भरायला लावला. अर्ज चालू आहे म्हणून त्या फॉर्मची तारीख कोणी पुढे ढकलत नाही. हे न कळल्यामुळे मुलांचं अख्खं सत्र गेलेलं मी पाहिलेलं आहे.

आणखी एक धोका तिच्यापुढे ठेवला. या कॉलेजात पुनर्मूल्यांकन म्हणजे संपूर्ण पेपर पुन्हा तपासणं. गुण कमीही होऊ शकतात आणि नवा आकडाच अंतिम धरला जातो. तिने एक रात्र विचार केला आणि हो म्हणाली. २१ला नापास आणि १९लाही नापासच, हे तिचं गणित बरोबर होतं.

पहिला मसुदा आणि त्यातून काय काढलं

तिचा पहिला मसुदा तीन पानी होता आणि त्यात पाच प्रश्नांवर आक्षेप होते. "सरांनी मुद्दाम गुण कापले", "माझ्यावर घोर अन्याय झाला आहे", "वर्षभर मी किती मेहनत घेतली" अशी वाक्यं होती. भावना खोटी नव्हती, पण यातलं एकही वाक्य विभागप्रमुखांना तपासता येणार नव्हतं. "मुद्दाम" या शब्दावर तर सरांना खुलासा द्यावा लागला असता, आणि मग सगळी चर्चा सरांच्या हेतूवर गेली असती. कोड बाजूलाच राहिला असता.

पाचातले तीन प्रश्न काढले. एकात मैत्रिणीला त्याच उत्तराला पाच गुण आणि हिला तीन अशी तुलना होती. मैत्रिणीची उत्तरपत्रिका मध्ये आणली की तिचेही गुण वादात सापडतात, आणि तिने तर काही मागितलेलंच नव्हतं. दुसरा ट्रीच्या आकृतीचा, अर्ध्या गुणाचा. तिसरा प्रश्न ४ (अ), बायनरी सर्च, सहापैकी तीन गुण. तिथे आम्ही बराच वेळ थांबलो. तिचं लूप होतं `while (low < high)`, आणि आत `low = mid + 1` व `high = mid - 1`. तिचं म्हणणं, एका चिन्हासाठी तीन गुण? मी तिला एकाच घटकाचा ॲरे घ्यायला सांगितला. `low` शून्य, `high` शून्य, लूपमध्ये शिरतच नाही, घटक समोर असून सापडत नाही. ती गप्प बसली आणि तो प्रश्न तिने स्वतःच खोडला.

पुराव्याचा मुद्दा यापेक्षा नाजूक होता. १ (क)साठी तिने मोबाइलवरच्या ऑनलाइन कंपायलरचा स्क्रीनशॉट आणला होता, उत्तर १२. "बघा, १३ येतच नाही!" पण हा पुरावा तिच्याच विरुद्ध जातो. तिचं उत्तर होतं की आउटपुट सांगता येत नाही, आणि स्क्रीनशॉट म्हणतो सांगता येतं, बारा. अनिश्चित वर्तन असलेला कोड चालवून आलेला आकडा काहीच सिद्ध करत नाही. दुसऱ्या कंपायलरवर १३ आला असता तर सर जिंकले असते का? म्हणून स्क्रीनशॉट काढला आणि त्याऐवजी कंपायलरचा इशारा जोडला. `gcc -Wall` लावून तोच कोड दिला की हे दिसतं:

```
warning: operation on 'i' may be undefined [-Wsequence-point]
```

जोडीला अभ्यासक्रमातच संदर्भग्रंथ म्हणून दिलेल्या कर्निघन आणि रिची यांच्या पुस्तकाचा २.१२ हा भाग. तिथे `a[i] = i++;` हे उदाहरण देऊन वेगवेगळे कंपायलर त्याचा वेगवेगळा अर्थ लावू शकतात असं सांगितलेलं आहे. अभ्यासक्रमात नेमलेलं पुस्तकच साक्षीला असेल, तर "हे आपल्या पातळीवरचं नाही" असं म्हणायला जागा राहत नाही.

२ (ब)साठी मात्र कोड चालवून दाखवणं योग्यच होतं, एका अटीवर: उत्तरपत्रिकेत आहे तसाच टाइप करायचा. वर बारकाईने पाहिलंत तर `free(t)` नंतर अर्धविराम नाही. तो न टाकता कोड कंपाइल होत नाही. तिला वाटत होतं गुपचूप टाकून द्यावा, कोण बघतंय? पण परीक्षक छायाप्रत शेजारी ठेवूनच बघणार. एक लपवलेली दुरुस्ती सापडली की उरलेल्या कागदांवरचा विश्वासही जातो. तेव्हा ती दुरुस्ती पत्रातच सांगायची असं ठरलं. न सापडल्याचा संदेश दाखवायचा राहिला होता, तेही लिहायचं ठरलं.

प्रत्यक्ष अर्ज

मूळ अर्ज इंग्रजीत होता. मजकूर असा:

> प्रति,
> मा. विभागप्रमुख, संगणक अभियांत्रिकी विभाग
>
> विषय : डेटा स्ट्रक्चर्स, प्र. १ (क) व प्र. २ (ब) यांच्या पुनर्मूल्यांकनाबाबत
>
> संदर्भ : परीक्षा विभागाकडे केलेला पुनर्मूल्यांकन अर्ज (पावतीची प्रत सोबत)
>
> महोदया,
>
> मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून वरील विषयाच्या पुनर्मूल्यांकनासाठी मुदतीत अर्ज केला आहे. त्या अर्जात कारण नमूद करण्याची सोय नसल्याने हे पत्र आपल्याकडे देत आहे.
>
> प्र. २ (ब) मध्ये मला ८ पैकी २ गुण आहेत व "हेड नोडची केस कुठे आहे?" असा शेरा आहे. प्रश्नात कोणतीही विशिष्ट पद्धत वापरण्यास सांगितलेले नाही. मी पॉइंटरचा पॉइंटर वापरला असून फंक्शनला `&head` दिला असता पहिला नोडही त्याच विधानाने काढला जातो. रिकामी लिस्ट, एकच नोड, पहिला, मधला व शेवटचा नोड आणि नसलेली किंमत अशा सहा स्थितींत कोड चालवून त्याचे आउटपुट जोडले आहे. टाइप करताना `free(t)` नंतर राहिलेला अर्धविराम टाकला आहे, अन्य कोणताही बदल केलेला नाही. किंमत न सापडल्याचा संदेश माझ्या उत्तरात नाही, त्याचे गुण मी मागत नाही.
>
> प्र. १ (क) मध्ये दिलेल्या विधानाचे वर्तन सी भाषेच्या मानकाने निश्चित केलेले नाही. मी तसेच उत्तर कारणासह लिहिले आहे. अभ्यासक्रमातील संदर्भग्रंथाचा भाग २.१२ व कंपायलरचा इशारा सोबत जोडला आहे.
>
> विनंती अशी की, पुनर्मूल्यांकन करणाऱ्या परीक्षकांना आदर्श उत्तरापेक्षा वेगळे परंतु बरोबर उत्तर ग्राह्य धरण्याबाबत सूचना द्यावी आणि प्र. १ (क) च्या आदर्श उत्तराचा विभागाने फेरविचार करावा.
>
> आपली विद्यार्थिनी

सरांचं नाव पत्रात कुठेही नाही. किती गुण वाढवावेत हेही लिहिलेलं नाही. नापास झाल्याचा उल्लेख नाही, पास होण्याची गरज तर नाहीच. ती गरज मांडली असती तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की मुलगी तीन गुण जमवायला निघाली आहे. पत्र विभागाच्या कार्यालयात आवक क्रमांक टाकून दिलं आणि शिक्का मारलेली प्रत घेतली.

पुढे काय झालं

विभागप्रमुख मॅडमनी दोन दिवसांनी तिला बोलावलं. सरही होते. मॅडमनी पत्र वाचलेलं होतं, तरी तिच्या हातात मार्कर देऊन म्हणाल्या, "अगं, पहिला नोड काढून दाखव बरं फळ्यावर." तिने तीन चौकोन काढले, `head`चा वेगळा चौकोन काढला आणि `p`चा बाण नोडकडे न नेता त्या `head`च्या चौकोनाकडे नेला. सर थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण पेपरात हे असं काढलेलं असतं तर मला कळलं असतं." ते खरंही होतं. सत्तर-ऐंशी पेपर तपासणारा माणूस प्रत्येक कोड मनातल्या मनात चालवत नाही, आदर्श उत्तराच्या खुणा शोधत जातो.

ही फळ्यावरची परीक्षा मला पूर्ण पटली नाही. पुनर्मूल्यांकन लिहिलेल्या उत्तराचं होतं. ती गडबडली असती, तर बरोबर लिहिलेला कोड चुकीचा ठरला असता का? मॅडमनी मात्र नंतर स्पष्ट केलं की ते फक्त आक्षेप समजून घेण्यासाठी होतं, त्यावर गुण ठरणार नव्हते. आणि त्याप्रमाणे वागल्याही. आधीचे गुण आणि शेरा झाकलेली, बैठक क्रमांक नसलेली प्रत दुसऱ्या विभागातल्या सी शिकवणाऱ्या परीक्षकांकडे गेली, आणि आदर्श उत्तरपत्रिकेवर मॅडमनी एक ओळ वाढवली, की प्रश्नात पद्धत नेमलेली नसल्यास कोणतीही बरोबर पद्धत पूर्ण गुणांस पात्र.

१ (क)वर खरी चर्चा झाली. सरांचं म्हणणं, हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो आणि मुलांना १३ची रीत शिकवलेली आहे. मीनलला एकटीला गुण द्यायचे तर १३ लिहिणाऱ्यांचं काय? त्यांचं उत्तर आता चूक म्हणून काढून घ्यायचं? मुद्दा बिनतोड होता. एका मुलीच्या अर्जावरून आख्ख्या वर्गाचे गुण कमी करणं कोणालाच पटलं नसतं. मॅडमनी तो प्रश्न परीक्षा समितीपुढे सदोष प्रश्न म्हणून ठेवला. समितीने तो सोडवण्याचा प्रयत्न केलेल्या सगळ्यांना तीन गुण दिले.

निकाल

२ (ब)ला आठपैकी सात मिळाले, एक गुण संदेशाचा गेला. अर्धविरामाचं दुसऱ्या परीक्षकांनी काही केलं नाही. ४ (अ)ला मात्र आधीच्या तीनऐवजी दोन पडले, म्हणजे आक्षेप न घेतलेल्या प्रश्नात एक गुण गेला. सदोष प्रश्नाचे तीन धरून बेरीज २८ झाली आणि ती पास झाली. केटीच्या फॉर्मची फी परत मिळाली नाही.

सदोष प्रश्नाच्या तीन गुणांमुळे वर्गातली आणखी काही मुलंही काठावरून आत आली. त्यांनी कोणीही अर्ज केलेला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

मीनलच्या बाजूने पाहिलं तर वाद टाळणं तिच्या हातात थोडं तरी होतं. फंक्शनखाली `delete_value(&head, x);` ही हाक आणि "`p` सुरुवातीला `head`चा पत्ता धरतो" एवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर शेरा पडण्याची शक्यता बरीच कमी होती. हातच्या लिखाणात परीक्षकासमोर कंपायलर नसतो. वर्गात न शिकवलेली पद्धत वापरायला हरकत काहीच नाही, पण मग परीक्षकाच्या मनात येणारा पहिला प्रश्न ओळखून त्याचं उत्तर तिथेच द्यावं लागतं. अशा कोडशेजारी छोटी आकृती काढायला अर्धं मिनिट लागतं.

अर्जाच्या बाबतीत, छायाप्रत घेण्याआधी उत्तरपत्रिका दाखवण्याच्या दिवशीच सरांशी वाद घालणं टाळता आलं असतं. सर त्या दिवशी वर्गातल्या इतर मुलांसमोर बोलत होते आणि चारचौघांत एकदा घेतलेली बाजू सोडणं अवघड जातं. छायाप्रत घेऊन दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये फळ्यावरचीच आकृती दाखवली असती, तर २ (ब)पुरता प्रश्न कदाचित तिथेच मिटला असता. १ (क) मात्र तरीही वर न्यावाच लागला असता, कारण आदर्श उत्तर एकट्या सरांना बदलता येत नाही.

विभागाच्या बाजूने सगळ्यात सोपी गोष्ट पेपर छापायला जाण्याआधीची होती. आउटपुट विचारणारा प्रत्येक तुकडा `gcc -std=c11 -Wall -Wextra` लावून एकदा कंपाइल केला असता, तर तो प्रश्न मॉडरेशनलाच अडकला असता. पुढच्या सत्रापासून मॉडरेशनच्या तक्त्यात हा रकाना आला आहे. आदर्श उत्तरांतही गुण आता ओळींना नाहीत, पूर्ण केलेल्या स्थितींना आहेत: पहिला नोड, मधला, शेवटचा, रिकामी लिस्ट. असं केलं की हेडचं `if` दिसतं का, याऐवजी हेड निघतो का, हे तपासावं लागतं.

एक गाठ अजून सुटलेली नाही. मॅडमनी सरांना २ (ब)ची बाकीची उत्तरं चाळायला सांगितली तेव्हा पॉइंटरच्या पॉइंटरने लिहिलेलं आणखी एक उत्तर सापडलं, त्यालाही दोनच गुण. तो मुलगा पास होता, त्याने अर्ज केलेला नव्हता आणि तोपर्यंत मुदत संपलेली होती. परीक्षा विभागाचं म्हणणं, अर्जाशिवाय गुण बदलण्याची तरतूद नियमात नाही. मॅडमचं म्हणणं, चूक विभागाची असताना अर्जाची वाट का बघायची? प्रकरण परीक्षा समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.